ओल भिंतीची, खर्च कुणाचा?

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की पुण्या-मुंबईत भाडेकरूंचे मोबाइल एकाच मजकुराचे मेसेज पाठवू लागतात. "काका, हॉलच्या भिंतीला ओल आलीय. फोटो पाठवलाय." उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. "चार दिवस ऊन पडू द्या, वाळेल." चार दिवस ऊन काही पडत नाही. रंगाला फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात, मग कपाट जरा पुढे ओढलं की मागे काळी बुरशी दिसते. ऑगस्ट संपता संपता भाडेकरू वैतागतो आणि ठरवतो, आता आपणच माणूस बोलवायचा, काम करून घ्यायचं आणि पुढच्या भाड्यातून पैसे कापून घ्यायचे.

त्याला तसं करता येतं का, हे भिंत किती ओली आहे यावर ठरत नाही. घरात शिरताना त्याने कोणत्या कागदावर सही केली, यावर ठरतं. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन घरांत राहणाऱ्यांपैकी एकाला कायदा भाडं कापायची मुभा देतो आणि दुसऱ्याला देत नाही. गंमत अशी, की ज्याला मुभा आहे त्याचं भाडं इतकं थोडं असतं की कापून हाती फारसं काही येत नाही. आणि जो महिन्याला वीस-पंचवीस हजार मोजतो, त्याच्यासाठी त्या कायद्यात ते कलमच नाही.

आधी मुभा असलेल्याचं पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं चौदावं कलम सांगतं, की जागा राहण्याजोग्या चांगल्या अवस्थेत ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. मात्र भाडेकरूने करारात उलट काही कबूल केलेलं नसलं पाहिजे. "सर्व दुरुस्त्या भाडेकरू स्वखर्चाने करील" अशी ओळ असलेल्या कागदावर त्याने सही केली असेल, तर हा आधार तिथेच संपतो. तशी ओळ नसेल आणि मालक दुरुस्ती टाळत असेल, तर भाडेकरूने त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. नोटीस पोस्टाने पाठवली तरी चालते. त्यानंतर वाजवी वेळ देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरूने काम स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा मालकाकडून वसूल करायचा. एकाच वाड्यातले किंवा चाळीतले अनेक भाडेकरू मिळूनही हे करू शकतात. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा धरला जाईल आणि तो मालकावर बंधनकारक राहील, असंही हे कलम सांगतं. म्हणजे पावती नसलेल्या गवंड्याकडून रोखीने केलेलं काम भाडेकरूच्या अंगावर पडण्याचा धोका मोठा.

इथवर सगळं भाडेकरूच्या बाजूचं वाटतं. पण त्याच कलमात एक मर्यादाही आहे. एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. गिरगावातल्या किंवा दादरच्या जुन्या पागडीच्या खोलीचं भाडं महिना ४०० रुपये आहे असं धरू. वर्षाचं भाडं झालं ४,८०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा १,२००. मोरीची फरशी काढून, वॉटरप्रूफिंग करून, खालचा गिलावा नव्याने करायला ३०,००० रुपये लागले, तर वर्षाला १,२०० या गतीने ते फिटायला पंचवीस वर्षं लागतील. कायद्याने दिलेला हक्क खरा आहे, पण चारशे रुपयांच्या भाड्यातून तीस हजारांची दुरुस्ती निघत नाही, आणि मालकही नेमका हाच हिशेब सांगून हात वर करतो. त्याचंही पूर्ण चुकतं असं नाही. अशा इमारतींत शेवटी भाडेकरूच खिशातून खर्च करतात, आणि मोठं बांधकाम असेल तर उपकरप्राप्त इमारतींच्या बाबतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे धाव घेतात.

आता समोरच्या घरात जाऊ. आजकाल शहरांत जे "अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट" होतं, ते जवळजवळ नेहमी लिव्ह अँड लायसन्स असतं. आपण त्याला भाडं म्हणतो, घरात राहणाऱ्याला भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या लेखी तो लायसन्सी असतो. मालकाने त्याला जागा वापरायची फक्त परवानगी दिलेली असते. जागेत त्याचा हक्क तयार होत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं, पण नंतरच्यांना ते संरक्षण मिळालेलं नाही. म्हणून चौदाव्या कलमातली नोटीस, स्वतः केलेली दुरुस्ती, वळती रक्कम, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याचा सगळा व्यवहार कराराच्या शब्दांवर चालतो.

आणि करारात काय असतं? नोंदणी विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होणाऱ्या करारांच्या ठरावीक मसुद्यात साधारण असं म्हटलेलं असतं, की लायसन्सीने जागा आहे त्या स्थितीत राखावी, त्याच्याकडून नुकसान झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करावं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज यातून वगळावी. मालकाच्या परवानगीशिवाय फेरफार करायचे नाहीत, हेही असतं. भाडं नियमित आणि वेळेवर भरलं नाही तर मालक एक महिन्याची नोटीस देऊन लायसन्स रद्द करू शकतो, असं कलमही बहुतेकांत सापडतं. भिंतीतून पाणी पाझरू लागलं तर काय, याबद्दल मात्र एक अक्षर नसतं.

हे शेवटचं कलम लक्षात घेतलं की ऑगस्टमधल्या त्या निर्धाराचा धोका कळतो. मालकाची संमती न घेता लायसन्सीने भाड्यातून सहा हजार कापले, तर कराराच्या भाषेत ते अपुरं भाडं भरणं ठरतं. मालकाला घर रिकामं करून घ्यायचं निमित्त हवंच असेल, तर ते त्याच्या हातात आयतं पडतं. मुदत संपल्यावरही "आधी माझे दुरुस्तीचे पैसे द्या" म्हणून अडून बसलं, तर चोविसाव्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे प्रकरण जातं आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. सहा हजारांसाठी घेतलेली भूमिका पन्नास हजारांवर जायला तीन महिनेही लागत नाहीत.

तरीही लायसन्सी अगदीच निराधार नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं सत्तावन्नावं कलम फारसं कुणी वाचत नाही, पण ते इथे लागू पडतं. जागेतल्या ज्या दोषामुळे लायसन्सीच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होण्याची शक्यता आहे, आणि जो मालकाला ठाऊक आहे पण लायसन्सीला नाही, तो दोष सांगणं मालकावर बंधनकारक आहे. छताचा गिलावा सुटलेला आहे, दर पावसाळ्यात स्विचबोर्डात पाणी उतरतं, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात, हे मालकाला माहीत असेल आणि त्याने मे महिन्यात त्यावर रंगाचा हात मारून जूनमध्ये घर दिलं असेल, तर त्याने कर्तव्य मोडलं. त्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. नुसता कुरूप डाग मात्र या कलमात बसवणं कठीण आहे.

दुसरा आधार नोंदणीचा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या पंचावन्नाव्या कलमानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर अटी कोणत्या ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अजूनही स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून भागवणारे मालक आहेत. अशा मालकाने "दुरुस्ती तुमच्याकडेच ठरली होती" असं सांगितलं, तर ते सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं.

पैसे कुणी द्यायचे याच्या आधी एक साधा प्रश्न सुटावा लागतो, आणि निम्मी भांडणं तिथेच अडकतात. पाणी येतंय कुठून?

ओल आपला स्वभाव लपवत नाही. पावसाच्या माऱ्याच्या बाजूची, बहुधा पश्चिमेची किंवा नैऋत्येची भिंत असेल, डाग खिडकीच्या चौकटीखाली किंवा बीम आणि विटांच्या सांध्याला धरून असेल, जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होत असेल आणि दिवाळीनंतर वाळून पांढरा लोणा मागे ठेवत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतल्या भेगांमधून येतंय. सर्वांत वरच्या मजल्यावर छताला नकाशासारखा डाग पसरला, तर गच्चीचा कोबा फुटला आहे. बाथरूम किंवा मोरीच्या खालच्या घरात छताला डाग असेल, एप्रिलच्या कडक उन्हातही तो ओला असेल, तर वरच्या घरातल्या फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा भाग गळतोय. आणि बाहेरच्या भिंतीशी संबंधच नसलेल्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, बारमाही ओल असेल तर संशय भिंतीत दडवलेल्या पाइपवर जातो.

एक पाचवा प्रकारही आहे, आणि तो राहणाऱ्याच्या खात्यात जातो. बंद खिडक्या, खोलीतच वाळत घातलेले कपडे, चिमणीशिवाय रोजचा स्वयंपाक, भिंतीला चिकटवलेलं कपाट. हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आणि बुरशी धरते. बाहेरून पाणी येत नसूनही भिंत ओली दिसते. खात्री करायची तर भिंत पुसून कोरडी करायची आणि तिच्यावर वितभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्की लावायची. दोन दिवसांनी काढून पाहायचं. फॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दोष खोलीतल्या हवेचा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय.

उगम कळला की खर्चाची दिशाही कळते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सहकारी संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांत बाहेरच्या भिंती, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामायिक पाइप व सांडपाण्याच्या लाइनमधली गळती दुरुस्त करणं हे सोसायटीच्या खर्चाचं काम मानलं आहे. गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या फ्लॅटचं छत आणि गिलावा खराब झाला, तर तोही सोसायटीनेच करायचा. संडास, सिंक वगैरेंमुळे झालेल्या आतल्या गळतीचा खर्च मात्र संबंधित फ्लॅटधारकांनी सोसायटीशी ठरवून करायचा असतो. म्हणजे वरच्या घरातल्या बाथरूमचं पाणी खाली आलं, तर बोलणी वरच्या आणि खालच्या मालकांची. भिंतीतला स्वतःच्या फ्लॅटचा पाइप फुटला तर आपल्या मालकाची.

यात भाड्याने राहणारा कुठे बसतो? तो सोसायटीचा सभासद नसतो. सेक्रेटरी त्याचा अर्ज घेतीलही, पण त्यावर काही करण्याची त्यांची बांधिलकी मालकाशी असते. म्हणून "सोसायटी करत नाही, मी काय करू?" हे मालकाचं उत्तर अपुरं आहे. सोसायटीला लेखी पत्र देणं, मीटिंगमध्ये विषय मांडणं, वरच्या मालकाला गाठणं ही त्याची कामं. राहणाऱ्याने करावं ते इतकंच, की मालकाला उगमाचा पुरावा हाती द्यावा आणि सोसायटीच्या पत्राची प्रत मागून घ्यावी.

पुराव्यावर गाडी कशी पुढे जाते, हे एका उदाहरणात पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडते. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००, करार नोंदणीकृत. राहायला आल्यानंतर दोन महिन्यांत छोट्या बेडरूमच्या भिंतीला पलंगाच्या उंचीवर ओल दिसली. मालकांचं म्हणणं, पावसाची आहे. राहणाऱ्या जोडप्याचं म्हणणं, भिंतीपलीकडे बाथरूम आहे, पाऊस तिथे पोचतोच कुठे?

त्यांनी वाद घातला नाही. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि फोटो काढला. आठवड्याने पाऊस थांबला होता, तरी डाग रेघेबाहेर चार बोटं सरकला होता. पुन्हा तारीख, पुन्हा फोटो. मग गणपतीला गावी जाताना चार दिवस ते बाथरूम बंद राहिलं, पण पाण्याचा व्हॉल्व्ह मुद्दाम चालू ठेवला. परतल्यावर पाहतात तर डाग वाढला नव्हता, कडा थोड्या वाळल्याही होत्या. याचा अर्थ दाबाखाली पाणी असलेला नळाचा पाइप बहुधा ठीक आहे. तो फुटला असता तर वापर असो-नसो, गळत राहिला असता. पाणी वापरलं की गळतं, म्हणजे दोष फरशीत, टाइल्सच्या सांध्यांत किंवा सांडपाण्याच्या बाजूला.

मग प्लंबर आला. त्याने नहाणी ट्रॅप फडक्याने बंद केला, फरशीवर दोन इंच पाणी भरलं, त्यात थोडा लाल रंग टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून गेला. सकाळी बेडरूमच्या स्कर्टिंगवर फिकट गुलाबी रेघ उमटली होती. मालकांना तिचा फोटो गेला तेव्हा पावसाचा विषय आपोआप मिटला.

अंदाजपत्रक आलं ते असं. ट्रॅपभोवतीच्या टाइल्स काढून ट्रॅप नव्याने बसवणं आणि वॉटरप्रूफिंग, १०,५००. बेडरूमच्या भिंतीचा सुटलेला गिलावा काढून नवा करणं आणि रंग, ७,५००. एकूण १८,०००. मालक नागपूरला, त्यांना येणं शक्य नव्हतं. त्यांनी लिहिलं, "तुम्ही करून घ्या." बहुतेक लोक इथे थांबतात आणि पुढे पस्तावतात, कारण "करून घ्या" यात पैसे कुणाचे हे येत नाही. जोडप्याने उत्तर लिहिलं: "काका, अंदाजपत्रक सोबत पाठवतो आहोत. १८,००० रुपये आम्ही आत्ता देतो. ऑक्टोबरच्या भाड्यातून १२,००० आणि नोव्हेंबरच्या भाड्यातून ६,००० वळते करू, म्हणजे ऑक्टोबरचं भाडं १२,००० आणि नोव्हेंबरचं १८,००० येईल. चालेल ना? होकार कळवा म्हणजे काम सुरू करतो." मालकांचं "चालेल" आलं, आणि त्या एका शब्दाने, करारात नसलेली मुभा त्यांना मिळाली. आता ऑक्टोबरमध्ये बारा हजारच आले, तरी ते थकलेलं भाडं नाही. दोघांनी लेखी ठरवलेला हिशेब आहे. बँकेतून पैसे पाठवताना शेऱ्यात त्यांनी "ऑक्टो भाडे, दुरुस्ती वजा" असं टाकलं आणि जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल व फोटो मेलवर पाठवले.

एक गोष्ट मात्र त्यांनी मालकांच्या घाईला न जुमानता लांबवली. बाथरूमचं काम सप्टेंबरात झालं, पण भिंतीचा गिलावा आणि रंग डिसेंबरपर्यंत थांबवला. पाणी बंद झालं तरी विटेत मुरलेलं पाणी बाहेर पडायला आठवडे लागतात. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर दोन महिन्यांत तो पुन्हा फुगतो, आणि मग त्याच भिंतीसाठी दुसऱ्यांदा पैसे मागायला तोंड राहत नाही. त्यामुळे हिशेबही बदलला. ऑक्टोबरात फक्त बाथरूमचे १०,५०० वळते झाले आणि रंगाचे ७,५०० जानेवारीच्या भाड्यातून. तेही आधी मेसेज करून.

मालकाने उत्तरच दिलं नाही तर? मग लेखी नोटीस. वकील लागतोच असं नाही. साधं, तारखांचं पत्र पुरतं. घराचा पत्ता, कराराचा नोंदणी क्रमांक, ओल केव्हा दिसली, कोणकोणत्या तारखांना कळवलं, उगम काय निघाला, अंदाजपत्रक किती, आणि पंधरा दिवसांत काम सुरू करावं ही विनंती. पत्र स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह पाठवावं. जुना भाडेकरू असेल तर चौदाव्या कलमाची पायरी याने पुरी होते. लायसन्सी असेल तर त्याला कापण्याचा हक्क यातून मिळत नाही, पण पुढे भरपाई मागताना किंवा डिपॉझिटवरून वाद झाला तर हे पत्र त्याच्या बाजूने उभं राहतं. एवढ्यावरही काम झालं नाही तर भाडं पूर्ण भरत राहून, करारातली एक महिन्याची नोटीस देऊन घर बदलणं, हे बहुतेक लायसन्सींसाठी सर्वांत स्वस्त पडतं. कटू आहे, पण कोर्टाची फी आणि सुट्ट्या धरल्या तर हिशेब तसाच येतो.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात या गोंधळाला बरंच सरळ उत्तर दिलं आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं, विजेची वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, गीझर, स्विच, कुलपं, खिडकीच्या काचा, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. मालकाने दुरुस्ती नाकारली तर भाडेकरूने ती करून भाड्यातून कापावी, पण कोणत्याही महिन्यात अर्ध्या भाड्यापेक्षा जास्त नाही. कोथरूडच्या उदाहरणात ही मर्यादा महिना १२,००० झाली असती. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो. मालकाला हा नमुना दाखवून "निदान वाटणी अशी ठेवू" म्हणता येतं. त्याचा धाक मात्र घालता येत नाही.

ओलीचं खरं बिल कधीकधी घर सोडताना येतं. "एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापून घेतो" ही मालकांची सवय झाली आहे. करारात तशी स्पष्ट अट असेल तर ती पाळावी लागते. नसेल, तर नेहमीच्या वापराने फिकट झालेला रंग हा झिजेचा भाग आहे आणि बाहेरून आलेल्या ओलीचे डाग हा तर राहणाऱ्याचा दोषच नाही. भिंतीत पाडलेली डझनभर भोकं, मुलांनी रंगवलेली खोली, स्वयंपाकघरातली जळकी टाइल, यांचे पैसे मात्र त्याच्याकडून मागणं योग्य आहे. वाद टाळायचा तर किल्ली घेतानाच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवावा. त्या दिवशी खास पाहायच्या जागा म्हणजे भिंतीतल्या कपाटाची मागची बाजू, लॉफ्टचे कोपरे, खिडक्यांच्या खालची पट्टी आणि बाथरूमला लागून असलेली भिंत. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत कोरी करकरीत असेल, तर गेल्या पावसाळ्यात तिथे काय झालं होतं, हे वॉचमनला किंवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारायला हरकत नाही.

आणि करार नव्याने होत असेल तर एक परिच्छेद त्यात घालून घ्यावा. ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटाला अंगठे उमटवण्याआधी सांगितलं, तर तो जादा अटी टाकून देतो. मसुदा साधारण असा: "गळती, ओल, भिंतीतील पाइप व वायरिंग यांची दुरुस्ती लायसन्सर स्वखर्चाने करतील. लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत काम सुरू न झाल्यास लायसन्सी पक्क्या बिलानुसार ते करून घेऊ शकेल व तो खर्च, एका महिन्यात निम्म्या लायसन्स शुल्कापर्यंत, पुढील शुल्कातून वळता करू शकेल. अशी वळती रक्कम थकबाकी समजली जाणार नाही." बरेच मालक पहिल्या वाचनात निम्म्याऐवजी पाव करा म्हणतात, किंवा पंधराऐवजी तीस दिवस मागतात. तेवढं सोडून द्यायला हरकत नाही. शेवटचं उपवाक्य मात्र सोडू नये.